स्वस्त राउटर: आधी तुळई, मग मोटर

घरगुती सीएनसी राउटर बांधताना बहुतेक जण मोटरवर पैसे उधळतात आणि तुळईकडे बघत नाहीत. 20 बाय 40 मिलिमीटरचं ॲल्युमिनियम प्रोफाइल घ्या, आधारांत 600 मिलिमीटर अंतर ठेवा. मध्यावर पाच किलोचा रेटा आला आणि 20ची बाजू रेट्याच्या दिशेने असली, तर ते सुमारे पाव मिलिमीटर वाकतं. तेच फिरवून 40ची बाजू त्या दिशेला आणा. वाक जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो, तोही फुकटात. अंतर निम्मं केलं तर आठव्या हिश्श्यावर. (ढिले सांधे आणि पीळ यांची भर वेगळी.)

बॅकलॅशचं दुखणं निराळं. वर्तुळ कापताना अक्ष दिशा बदलतो तिथे बारीक पायरी उमटली, तर स्क्रू आणि नटमधल्या ढिलाईचा संशय घ्यावा. डायल गेज लावून अक्ष पुढे न्या, मग 1 मिलिमीटर मागे. काटा 0.9च फिरला, तर 0.1ची ढिलाई आहे. त्यावर स्प्रिंगचा नट लागतो. मोठी मोटर नव्हे.

स्टेपरवर लिहिलेला टॉर्क उभ्या मोटरचा असतो, वेग वाढला की तो घसरतो. म्हणून लाकडासाठी कमी इंडक्टन्सची नेमा 23 आणि ड्रायव्हरला झेपत असेल तर 36 व्होल्टचा पुरवठा घ्यावा.