दारातलं रडणं कुणाला किती वेळ ऐकू येतं?

बाळ पाच-सहा महिन्यांचं असताना आई कामावर रुजू झाली, तर सुरुवातीला फारसं काही घडत नाही. आजीच्या किंवा पाळणाघरातल्या काकूंच्या कडेवरून बाळ हसतं, आई डोळे पुसत जिना उतरते आणि बाळ परत पंख्याकडे बघत बसतं. घरातले म्हणतात, "बघ, उगाच घाबरत होतीस." मग तीन-चार महिने जातात. एका सकाळी आई पर्स उचलते आणि त्याच बाळाचा चेहरा पडतो. ते भराभर रांगत दारापर्यंत येतं, आईची ओढणी मुठीत धरतं आणि अशी भोकाडं पसरतं की समोरच्या फ्लॅटचं दार उघडतं.

आई हादरते, आणि तिचं पहिलं अनुमान नेमकं चुकीचं निघतं. कालपर्यंत राहत होतं, आज राहत नाही, म्हणजे मधल्या काळात आपण काहीतरी बिघडवलं, असं तिला वाटतं. खरं तर हा सगळा वयाचा हिशेब आहे. 2017 मध्ये आपल्याकडे प्रसूतिरजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच खर्च होतात. त्यामुळे संघटित क्षेत्रातली नोकरदार आई परतते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं, आणि आई दूर जाण्याची भीती मुलांमध्ये दिसू लागते ती साधारण आठव्या महिन्यापासून. दहा ते अठरा महिन्यांत ती ऐन भरात असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बरीच ओसरते. म्हणजे कायद्याने दिलेली रजा अवघड काळ सुरू होण्याआधीच संपते. ज्या बायकांना मुळात रजाच नाही, त्यांचं तर विचारायलाच नको. अनेक घरांत जी मावशी हे रडणारं मूल सांभाळते, ती स्वतःचं मूल शेजारणीकडे ठेवून आलेली असते.

भीती नेमकी आठव्या महिन्यानंतर का? त्याआधी नजरेआड झालेली वस्तू बाळासाठी जवळपास नाहीशीच होते. खुळखुळा उशीखाली लपवला तर ते तो शोधत नाही. ही गोष्ट स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांचं निरीक्षण करून मांडली. पुढे बाळाला कळू लागतं की खुळखुळा उशीखाली आहे, आणि आईही दाराच्या पलीकडे कुठेतरी आहे. मात्र 'संध्याकाळ' म्हणजे काय हे त्याला अजून कळत नाही. आई आहे, पण इथे नाही, आणि कधी येणार हेही माहीत नाही, अशा कात्रीत ते सापडतं. रडायला हे पुरेसं आहे.

आईच्या बाजूला काय होतं तेही बघू. डोंबिवलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. चौदा महिन्यांची मुलगी, सासूबाई घरी, आईची नोकरी फोर्टात. लोकल चुकवून चालत नाही, त्यामुळे रडणं टिपेला असतानाच दार लावून निघावं लागतं. अंगावर पाजत असेल तर त्या रडण्याने कधी कधी पान्हा फुटतो आणि कुर्ता ओला होतो. मग गाडीत दीड तास तिच्या कानात तेच रडणं. वर घरी पाचव्या-सातव्या मिनिटाला मुलगी वाटी आपटत बसलेली असते, पण ते आईने पाहिलेलंच नसतं. रोज तिच्या वाट्याला येतो तो सकाळचा सगळ्यात वाईट क्षण, आणि त्याच्यावरूनच ती अख्ख्या दिवसाचा अंदाज बांधते. नवराही त्याच गाडीने जात असेल तर त्याच्यासाठी सहसा कुणी दार धरून रडत नाही, आणि त्याला कुणी "जीव कसा होतो रे तुझा?" असं विचारतही नाही.

अशा वेळी घरातला ठरलेला उपाय म्हणजे मुलाला भुलवणं. सासूबाई म्हणतात, "अगं, मी तिला गॅलरीत कावळे दाखवायला नेते, तू तेवढ्यात सटक." दोन-चार दिवस हे छान जमतं. रडणं नाही, ओढणी धरणं नाही. मग मुलगी वेगळंच वागू लागते. आई न्हाणीघरात गेली तरी दार बडवते. रविवारीही खाली उतरत नाही. आजीने गॅलरीचं नाव काढलं की आईला घट्ट धरते. तिच्या अनुभवातून तिला कळलेलं असतं की आई कुठल्याही क्षणी, न सांगता, गायब होऊ शकते. मग डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवणं भाग पडतं. सकाळची दहा मिनिटं वाचतात आणि तो धाक दिवसभर पसरतो.

त्यापेक्षा सांगून निघालेलं बरं, आणि सांगणं छोटं असावं. पर्स, चपला, एक पापी, "आई ऑफिसला जाते, तू खिचडी खाऊन झोपून उठलीस की येते," टाटा, आणि दार. "सहा वाजता येते" याला त्या वयात अर्थ नसतो, खिचडीला आणि झोपेला असतो. रोज तेच शब्द, त्याच क्रमाने. सगळ्यात मोडतो तो "अजून एकदा" चा नियम. रडणं ऐकून आई जिन्यावरून परत येते, पुन्हा कडेवर घेते, पुन्हा निघते. यात मुलाला निरोप दोनदा सोसावा लागतो आणि तिसऱ्यांदाही ती परत येईल या आशेने ते आणखी जोरात रडतं.

पण सगळी मुलं पाच मिनिटांत विसरतात, या रडण्याचा काही त्रास नसतो, असं सांगून आईची समजूत काढणंही खरं नाही. जर्मनीत लिसेलोटे आहनर्ट आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळणाघरात नव्याने जाणाऱ्या पंधरा महिन्यांच्या सत्तर मुलांची लाळ तपासली होती. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक आई गेल्यानंतरच्या पहिल्या तासात घरातल्या पातळीपेक्षा 75 ते 100 टक्क्यांनी वर गेलं. त्रास खराच होता. मात्र त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी निघाल्या. आईशी ज्यांचं नातं भरवशाचं होतं, ती मुलं आई गेल्यावर इतरांपेक्षा कमी नाही, जास्त रडली. आणि सुरुवातीचे जास्त दिवस जी आई मुलाबरोबर पाळणाघरात बसली, तिच्याशी मुलाचं भरवशाचं नातं टिकलं किंवा नव्याने तसं झालं.

मग नोकरी करणाऱ्या आईच्या मनात हा अपराध एवढा खोल कुठून बसला? सासू-नणंदेचे टोमणे आहेतच, पण त्यांना शास्त्राचं पाठबळही मिळालं, आणि तेही अर्धवट वाचलेल्या शास्त्राचं. 1951 मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला. त्यात मुख्यतः युद्धानंतरची अनाथाश्रमांतली आणि संस्थांतली मुलं होती. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये एका सव्वादोन-अडीच वर्षांच्या मुलीवर लघुपट केला. ती शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात होती, आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे आईला जवळ राहू देत नसत. त्या लघुपटामुळे पुढे आयांना मुलांजवळ थांबू देण्याचा आग्रह वाढला, हे फार मोठं काम झालं. पण रात्रंदिवस अनोळखी माणसांत आणि रोज संध्याकाळी घरी, या दोन गोष्टींना एकाच तराजूत घातलं गेलं. 1991 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या, तेराशेहून अधिक मुलांच्या दीर्घ अभ्यासात, पाळणाघरात जाण्याने एवढ्यावरूनच आई-मुलाचं नातं बिघडत नाही असं दिसलं. आईचं मुलाकडे लक्ष नसणं आणि सांभाळणारी व्यवस्थाही वाईट असणं, हे दोन्ही एकत्र आल्यावर मात्र धोका वाढत होता.

त्यामुळे पाहायचंच असेल तर संध्याकाळ पाहा. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी मुलाला आईपासून काही मिनिटं दूर ठेवून पुन्हा भेटवायची प्रसिद्ध चाचणी बसवली, तिच्यात आई गेल्यावर मूल किती रडतं याला फारसं महत्त्व नाही. आई परत आल्यावर ते काय करतं, हे बघतात. ते तिच्याकडे झेपावतं का? कडेवर घेतल्यावर शांत होऊन पुन्हा खेळायला वळतं का? डोंबिवलीची मुलगी दिवसभर हसतखेळत राहते आणि आई आत शिरताच चपला काढायच्या आत रडायला लागते, याचंही आईला वाईट वाटतं. ते गाऱ्हाणं ऐकवायला तिला हक्काचं माणूस सापडलेलं असतं. तेव्हा कुकर लावायची जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाकावी. पंधरा-वीस मिनिटं जमिनीवर बसून तिला जवळ घेतलं की ती आपणच वाटीकडे वळते.

घरी सांभाळणाऱ्याला "रडली का?" असं विचारून फार काही कळत नाही. सांभाळणारी चांगली असेल तर "नाही" म्हणेल, वैतागलेली असेल तर "दिवसभर" म्हणेल. किती वेळ रडली, कशाने थांबली, वरण-भात किती खाल्ला, कुणाच्या मांडीवर झोपली, असं विचारावं. उत्तरं तपशिलात आली तर कुणीतरी मुलाकडे बघत होतं, एवढं कळतं. आठवडे उलटले तरी ते अर्धा-पाऊण तास रडतच राहत असेल, खाणं-झोप सुटली असेल, एका ठरावीक माणसाला बघून अंग आक्रसत असेल, तर नुसतं वयाचं म्हणून सोडून देऊ नये. आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे अचानक आलेली शांतता. सकाळी रडणं थांबलं, पण मूल कुठल्याच खेळण्याला हात लावत नाही, आई आल्यावरही तोंड फिरवून बसतं, तर "रुळली एकदाची" म्हणून निश्चिंत होण्याचं कारण नाही. अशा वेळी पाळणाघरात न सांगता दुपारी जाऊन यावं.

पाळणाघर बदलायचं असेल किंवा नव्याने लावायचं असेल, तर बर्लिनमध्ये 1980 च्या दशकात बसवलेली एक पद्धत आपल्याकडेही जमण्यासारखी आहे. पहिले तीन दिवस आईने किंवा बाबाने मुलाबरोबर तासभर जाऊन खोलीच्या कोपऱ्यात बसायचं. मुलाला पुढे ढकलायचं नाही, आणि सोडूनही जायचं नाही. चौथ्या दिवशी सांगून बाहेर पडायचं, जास्तीत जास्त अर्ध्या तासासाठी. काकूंनी कडेवर घेतल्यावर मूल शांत होत असेल तर वेळ हळूहळू वाढवायचा. होत नसेल तर लगेच परत यायचं आणि पुढचे काही दिवस पुन्हा कोपऱ्यात बसायचं. दोन-तीन आठवडेही लागतात, म्हणून हे रजा संपल्यावर सुरू करून भागत नाही, शेवटचे पंधरा दिवस त्यासाठी बाजूला काढावे लागतात. या पद्धतीत एक बारीक अटही आहे. पहिल्यांदा सोडून जायचा दिवस सोमवार नसावा, कारण शनिवार-रविवार घरी राहिलेलं मूल सोमवारी पुन्हा पहिल्या पायरीवर असतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर, तापातून उठल्यावर, गावाहून परतल्यावर दारातलं रडणं परत येतं ते याचमुळे, आणि तेव्हा दोन-चार दिवस निरोप तसाच छोटा ठेवला की सहसा ते पुन्हा उतरतं.