पिन तीच, मग आवाज का येत नाही?

आज आपण सी टाइप पिनेतून हेडफोन जोडणाऱ्या छोट्या वायरीबद्दल बोलू. साक्रीच्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण धरू. त्याच्याकडे शाओमीचा मी ए२ होता. त्या फोनला हेडफोनचं गोल भोक नाही, म्हणून तो अशी वायर लावून लेक्चर ऐकायचा. पुढे त्याने गॅलेक्सी एस२० घेतला आणि तीच वायर लावली. इअरफोन गप्प, आवाज मात्र फोनच्या स्पीकरमधून चालूच! आता पोर्ट खराब झाला म्हणून पोर्ट बदलायचा का? तर नाही. इथे बिघाड कशातच नाही.

बघा, फोनमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं, आणि इअरफोनला लागते विजेची लहर. आकड्यांची लहर करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. ही चिप नेमकी कुठे आहे, एवढाच प्रश्न आहे.

साध्या वायरीत चिप नसते. तिच्या आत सीसी नावाच्या दोन पिना साधारण एक किलोओहमच्या रोधातून जमिनीला जोडलेल्या असतात. तेवढी खूण ओळखून फोन आपल्याच डॅकची लहर एरवी डेटासाठी असलेल्या दोन तारांवर सोडतो. पण त्यासाठी फोनच्या आत तसा स्विच बसवलेला हवा. मी ए२ मध्ये तो आहे, एस२० मध्ये नाही. म्हणून तिथे वायर लावली काय नि न लावली काय, सारखंच.

दुसऱ्या प्रकारच्या वायरीत चिप पिनेच्याच डोक्यात असते. फोन तिला आकडे आणि थोडी वीज देतो, बाकी काम ती करते. एस२० ला हीच लागते. गुगलच्या पिक्सेल २ सोबत २०१७ मध्ये अशीच वायर आली होती. ही बहुतेक फोनांवर चालते, पण काही फोनांत ओटीजी सेटिंग आधी चालू करावं लागतं, आणि थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंदही होतं. आवाज मध्येच गेला, तर आधी ते सेटिंग बघा.

दिसायला दोन्ही वायरी अगदी सारख्या. मग ओळखायचं कसं? आधी इअरफोन वायरीत घाला, कारण काही चिपा त्याशिवाय जाग्याच होत नाहीत. मग वायर लॅपटॉपच्या सी पोर्टला लावा. आवाजाच्या यादीत नवं उपकरण दिसलं, तर आत चिप आहे. काहीच दिसलं नाही, तर बहुधा ती साधी वायर आहे.

दुकानात मात्र नुसतं ‘सी टाइपची वायर द्या’ म्हणू नका. ‘डॅकवाली’ मागा आणि आपल्याच फोनवर तिथल्या तिथे वाजवून बघा. नाहीतर साक्रीहून धुळ्याला घ्यायला गेलात, तर बदलून आणायला दुसरी खेप पडायची.