नव्या टॅबवरचे आठ पत्ते

जुलै महिना उजाडला की यवतमाळ जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर सकाळपासून रांग लागते. कपाशी आणि सोयाबीनचा पेरा उरकलेला असतो आणि पीक विम्याची मुदत डोळ्यांसमोर असते. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाच्या पोरीला उत्पन्नाचा दाखला, कुणाला पीएम किसानचा हप्ता का अडला ते बघायचं असतं. समोर संगणक एकच, आणि त्यावर दिवसातून शंभरदा एकच गोष्ट घडते. ब्राउझरमध्ये अधिकच्या खुणेवर टिचकी पडते, नवा टॅब उघडतो, मधोमध शोधाची पट्टी आणि तिच्याखाली काही गोल चिन्हं दिसतात. बहुतेक जण त्या चिन्हांकडे बघत नाहीत. पट्टीत ‘सातबारा’ किंवा ‘पीक विमा’ असं लिहितात आणि वर जो निकाल येईल त्यावर टिचकी मारतात. माझं म्हणणं असं, की अशा ठिकाणी शोधाच्या पट्टीवाटे जाणं ही चुकीची सवय आहे. नवा टॅब उघडताच समोर येणारं पान नीट लावून घेतलं, तर ती सवय आपोआप सुटते.

या पानामागे दोन वेगळ्या कल्पना आहेत आणि त्यांचं वय फार नाही. 2007 मध्ये ऑपेरा या ब्राउझरने ‘स्पीड डायल’ आणलं. नव्या टॅबमध्ये नऊ चौकटी असत आणि कोणत्या चौकटीत कोणतं संकेतस्थळ ठेवायचं ते वापरणारा ठरवी. सप्टेंबर 2008 मध्ये क्रोम आलं. त्यातही नऊ चौकटी होत्या, पण त्या भरायच्या कुणी हा प्रश्नच ठेवला नव्हता. तुम्ही जिथे जास्त वेळा जाता ती पानं ब्राउझर स्वतःच तिथे मांडत असे. एकात माणूस निवडतो, दुसऱ्यात यंत्र आठवतं. दहा वर्षांनी, 2018 मध्ये, क्रोमनेही स्वतः शॉर्टकट भरण्याची आणि मागे चित्र लावण्याची सोय दिली. आज क्रोमच्या सेटिंगमध्ये `My shortcuts` आणि `Most visited sites` असे दोन पर्याय शेजारी शेजारी दिसतात, ते म्हणजे याच दोन कल्पना आहेत.

एकट्याच्या संगणकावर यंत्राची आठवण पुष्कळदा उपयोगी पडते. अनेकांच्या संगणकावर ती घोटाळा करते. दारव्ह्याच्या किंवा घाटंजीच्या केंद्रात काल बसलेल्याने कुठली बँक उघडली, कुणी नोकरीची कुठली जाहिरात पाहिली, याच्या खुणा आज दुसऱ्यासमोर चिन्हांच्या रूपात उभ्या राहतात. त्याहून वाईट म्हणजे, कुणी चुकून एखाद्या बनावट पानावर चार वेळा गेला असेल, तर तेच पान खऱ्या पानाच्या शेजारी जाऊन बसतं. ब्राउझर भेटी मोजतो. पान सरकारी आहे की नाही हे त्याला कळत नाही.

इथे पत्ता वाचता येणं महत्त्वाचं ठरतं. `gov.in` हा शेवट फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतो. म्हणून `https://` सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. शेवटी `gov.in` आहे का आणि त्याच्या आधी टिंब आहे का, एवढं पाहावं. टिंबाऐवजी आडवी छोटी रेघ असेल, किंवा `gov.in` मध्येच येऊन त्यापुढे आणखी एखादं नाव जोडलेलं असेल, तर ते पान सरकारचं नाही. ही तपासणी सोपी असली तरी दिवसातून शंभरदा, रांग समोर असताना, कुणाकडून होत नाही. चौकट भरताना ती एकदाच, शांतपणे होते. पुढचे सगळे दिवस त्या एका तपासणीचा फायदा मिळतो. चौकटीचं खरं मोल मला यात दिसतं. वेळ वाचतो तो वर.

आता एक पान प्रत्यक्ष लावून पाहू. क्रोममध्ये नवा टॅब उघडल्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात `Customize Chrome` हे बटण किंवा नुसती पेन्सिलीची खूण असते. ती दाबली की बाजूला एक पट्टी उघडते. त्यात शॉर्टकटच्या भागात `My shortcuts` निवडायचं. पहिल्यांदा असं केलं की यंत्राने आठवलेली जुनी चिन्हंही त्यात येऊन बसू शकतात. प्रत्येकावर माउस नेऊन तीन टिंबांतून ती काढून टाकावीत. मग `Add shortcut` दाबून नाव आणि पत्ता भरायचा. साधारण दहा चौकटी पाच-पाचच्या दोन ओळींत बसतात. मी आठच भरा म्हणेन. पहिल्या ओळीत दाखल्यांसाठी `aaplesarkar.mahaonline.gov.in`, नुसता सातबारा बघण्यासाठी `bhulekh.mahabhumi.gov.in`, पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढण्यासाठी `digitalsatbara.mahabhumi.gov.in`, विम्यासाठी `pmfby.gov.in` आणि हप्त्यासाठी `pmkisan.gov.in`. दुसऱ्या ओळीत शिष्यवृत्तीसाठी `mahadbt.maharashtra.gov.in`, अमरावती विद्यापीठाचं `sgbau.ac.in` आणि जिल्ह्याचं `yavatmal.gov.in`. चौकटी ओढून मागेपुढे करता येतात. विम्याचा हंगाम संपला आणि महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, की शिष्यवृत्तीची चौकट वरच्या ओळीत आणावी. विद्यापीठाच्या पत्त्याचा शेवट `ac.in` आहे. तो शैक्षणिक संस्थांसाठी असतो. म्हणजे शेवट वाचायचा नियम तिथेही लागू पडतो, फक्त शेवट वेगळा.

नाव भरताना पानाचं इंग्रजी शीर्षक राहू देऊ नये, हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. चौकटीखाली जागा इवलीशी असते. लांब शीर्षक अर्ध्यात तुटतं आणि ‘Home’ किंवा ‘Welcome’ एवढंच उरतं. चिन्हांचीही मदत होईलच असं नाही. सरकारी स्थळांची चिन्हं एकमेकांसारखी असतात, काहींना तर स्वतःचं चिन्हच नसतं. म्हणून ओळख नावातूनच पटायला हवी. ‘सातबारा’ आणि ‘सहीचा सातबारा’ अशी दोन नावं देवनागरीत लिहिली, की फुकट बघण्याचं पान आणि पैसे भरण्याचं पान यांत गल्लत होत नाही. रांगेतल्या माणसालाही पडद्यावर काय चाललंय ते वाचता येतं.

चूक बहुधा पत्ता भरतानाच होते. लोक आधी लॉगिन करतात, हव्या त्या पानापर्यंत पोहोचतात आणि तिथला लांबलचक पत्ता चौकटीत टाकतात. दुसऱ्या दिवशी ती चौकट ‘सत्र संपले’ असं सांगते किंवा कोरं पान दाखवते. त्या पत्त्यात कालच्या लॉगिनची खूण दडलेली असते आणि ती आता बाद झालेली असते. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर अक्षरं-आकड्यांची लांब शेपटी दिसली, की असं होणार हे ओळखावं आणि शेपटी काढून फक्त मुख्य पानाचा पत्ता ठेवावा. दुसरा बिघाड याहून गंभीर. एके दिवशी आपल्या चौकटी आणि चित्र नाहीसं होऊन भलतंच शोधपान उघडतं. बहुतेक वेळा कुठल्यातरी फुकट प्रोग्रामसोबत आलेल्या एक्स्टेन्शनने नवा टॅब बळकावलेला असतो. `chrome://extensions` उघडून अनोळखी एक्स्टेन्शन काढून टाकावं. मुख्य शोधयंत्र बदललं गेलं असेल, तर ते सेटिंगमधून पुन्हा मूळचं करावं. क्रोममध्ये गूगलव्यतिरिक्त शोधयंत्र ठेवलं, की या सजावटीचे बरेचसे पर्याय दिसेनासे होतात.

पार्श्वचित्राला लोक हौस समजतात. ते नीट निवडलं नाही तर वर केलेलं सगळं काम वाया जातं, म्हणून त्याचा विचार करावाच लागतो. टिपेश्वरच्या जंगलातला वाघ किंवा पावसाळ्यातला सहस्रकुंडचा धबधबा पडद्यावर लावावा असं या जिल्ह्यातल्या माणसाला वाटणं साहजिक आहे. पण धबधब्याचा पांढरा फेस बरोबर मधोमध, चौकटींच्या मागे येतो, आणि तिथे पांढऱ्या अक्षरातलं नाव दिसेनासं होतं. चित्राचा मधला भाग शांत आणि एकरंगी असावा, गर्दी कडेला असावी. वाघ उजव्या कोपऱ्यात आणि मध्ये सागाची गडद सावली, असा फोटो चालतो. मोबाइलने उभा काढलेला फोटो आडव्या पडद्यावर वर-खाली कापला जातो. म्हणून आधी तो 1920 × 1080 पिक्सेलच्या आडव्या आकारात कापून घ्यावा. त्याने फाइलही हलकी होते. आणि जिथे दहा माणसं पडदा बघतात, तिथे घरच्या माणसांचा फोटो लावू नये.

मांडणी मोकळी करण्याचं काम ब्राउझरप्रमाणे बदलतं. क्रोमच्या त्याच पट्टीत `Cards` बंद करता येतात. एजमध्ये बातम्यांचा आणि जाहिरातींचा मोठा पसारा पहिल्यापासून असतो, तो पानाच्या सेटिंगमधून बंद करावा. फायरफॉक्समध्ये पैसे घेऊन ठेवलेल्या चौकटी आपल्या चौकटींत मिसळतात, म्हणून `Sponsored shortcuts` बंद करणं तिथलं पहिलं काम. बातम्या वाचायला मिळतात तर त्या काढायच्या कशाला, असं कुणी म्हणेल. घरी ठेवाव्यात. पण केंद्रात प्रत्येक नव्या टॅबसोबत ती चित्रं उतरवून घेतली जातात. जोडणी मंद असली की त्याच वेळी विम्याचं पान अडकतं.

यावरचा मोठा आक्षेप असा, की हे सगळं बुकमार्कच्या पट्टीत होतंच की. होतं, आणि पत्ते तीस असतील तर बुकमार्कच बरे, कारण त्यांचे गट करता येतात. पण ती पट्टी बारीक अक्षरांत वरच्या काठाला असते. नजर मात्र शोधाच्या पट्टीकडे असते, आणि चौकटी नेमक्या तिच्याखाली असतात. सवय मोडायची तर पर्याय नजरेच्या वाटेतच हवा. दुसरा आक्षेप पत्त्याच्या पट्टीबद्दल आहे: दोन अक्षरं लिहिली की पुढचं तीच सुचवते. ती सुचवते मुख्यतः मागच्या भेटींवरून, म्हणजे पुन्हा यंत्राची आठवणच. आणि सामायिक संगणकावर ही आठवण `Ctrl+Shift+Delete` दाबून रोज संध्याकाळी पुसायलाच हवी. भेटींचा इतिहास पुसला, की आपोआप जमलेल्या चौकटी जातात. आपण भरलेल्या मात्र जागच्या जागी राहतात.

चौकट खरी असली तरी मागचं स्थळ बदलू शकतं, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. सरकारी स्थळं पत्ते बदलतात, आणि जुना पत्ता नव्याकडे पाठवेलच असं नाही. म्हणून खरीप आणि रब्बीच्या सुरुवातीला, वर्षातून दोनदा, आठही चौकटी एकेक उघडून बघाव्यात. पान उघडलं की वरचा पत्ता भरलेल्या पत्त्याशी ताडावा. बदललेला दिसला तर आधी शेवट वाचावा, आणि मगच `Edit shortcut` मधून नवा पत्ता भरावा.