अंगठ्यापासून जिभेपर्यंत

‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथात 64 आकृत्या आहेत. प्रत्येक आकृती सहा आडव्या रेघांची. सलग रेघ म्हणजे यांग, मधोमध तुटलेली रेघ म्हणजे यिन. प्रश्न मनात धरून नाणी टाकायची, त्यातून एक आकृती उभी राहते आणि तिच्याशी जोडलेला मजकूर वाचायचा, अशी ही पद्धत. राज्यकारभारापासून लग्नापर्यंत सगळे प्रश्न चिनी माणसाने या ग्रंथाला विचारले. त्यातली 31वी आकृती, शिएन, स्त्री-पुरुषांमधल्या ओढीची. ग्रंथाचा उत्तरार्ध हिच्यापासूनच सुरू होतो.

शिएनच्या खालच्या तीन रेघा मिळून पर्वत होतो, वरच्या तीन मिळून सरोवर. जुन्या संकेताप्रमाणे पर्वत हा धाकटा मुलगा आणि सरोवर ही धाकटी मुलगी. मुलगा खाली आहे, मुलगी वर. भाष्यकारांनी यात मागणी घालणारा, स्वतःकडे कमीपणा घेणारा तरुण पाहिला. एकूण आकृतीचा कौल लग्नाला अनुकूल आहे. पण ही आकृती आली म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. आकृती फक्त विषय सांगते. आपण त्या विषयात नेमके कुठे उभे आहोत, हे सांगते ती चल रेघ, आणि ती सहापैकी कितव्या जागी आहे यावर सगळे फिरते.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, तैपेईतल्या एका शाळेत शिकवणारी तिशीतली बाई आहे. एका सहकाऱ्याविषयी तिच्या मनात काही महिन्यांपासून ओढ आहे. त्याला याचा पत्ता नाही, दुसऱ्या कोणालाही नाही. ‘त्याचं माझ्यावर प्रेम आहे का,’ असे ती विचारत नाही, आणि ते बरेच करते, कारण दुसऱ्याच्या मनात काय आहे हे तीन नाण्यांना ठाऊक असायचे कारण नाही. ती विचारते, ‘हे मी आत्ता बोलून दाखवू का?’

तीन नाणी सहा वेळा टाकायची. नाण्याच्या एका बाजूला 3 गुण, दुसऱ्या बाजूला 2. बेरीज 6, 7, 8 किंवा 9 यांपैकीच काही येते. 7 म्हणजे स्थिर यांग, 8 म्हणजे स्थिर यिन. 9 म्हणजे पिकून उलटायला आलेला यांग, 6 म्हणजे तसाच उलटायला आलेला यिन. या दोन आल्या की रेघ चल समजायची. एखादी रेघ चल निघण्याची शक्यता चारात एक असते. त्यामुळे सहाच्या सहा मिळून नेमकी एकच चल रेघ येणे साधारण शंभरात 36 वेळा घडते. म्हणजे हा प्रकार दुर्मीळ नाही, आणि वाचायला सगळ्यांत स्वच्छ हाच.

आपल्या बाईंना पहिल्या फेकीत तिन्ही नाण्यांवर 2 आले, बेरीज 6. पुढे 8, 7, 7, 7 आणि शेवटी 8. या रेघा खालून वर मांडायच्या. पहिली फेक तळाशी, सहावी माथ्यावर. खालून तुटक, तुटक, सलग, सलग, सलग, तुटक. ही झाली शिएन, आणि तिची तळाची रेघ चल.

नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. आपण कागदावर वरून खाली लिहितो, म्हणून तो पहिली फेक वर मांडतो. या फेकी तशा मांडल्या तर शिएन उलटी होऊन 32वी आकृती तयार होते. ती टिकून राहण्याची, दीर्घ संसाराची आकृती, आणि चल रेघ जाते तिच्या माथ्यावर, जिथे अस्वस्थपणाच कायमचा होऊन बसल्याबद्दल अशुभ कौल आहे. अजून न बोललेल्या ओढीचा प्रश्न त्रासलेल्या संसाराचा होऊन बसतो. आलेले उत्तर प्रश्नाशी असे विचित्र विसंगत वाटले, तर आधी मांडणी तपासावी.

आता शिएनच्या सहा रेघांकडे नीट पाहू, कारण या आकृतीत जागेला फार ठसठशीत रूप दिले आहे. ओढ शरीरातून खालून वर चढत जाते. पहिल्या रेघेत ती पायाच्या अंगठ्यात आहे, दुसरीत पोटरीत, तिसरीत मांडीत. चौथ्या रेघेत अवयवाचे नाव नाही, मनाची चलबिचल आणि येरझारा आहेत. भाष्यकारांनी जागेवरून हे हृदय मानले. पाचवीत पाठीचा वरचा भाग आहे. सहावीत जबडा, गाल आणि जीभ, म्हणजे पोटातले ओठांवर आले. जुने भाष्य त्याही जागेवर खूश नाही. तिथे ओढ नुसती बडबडीत उरते, असे त्याचे म्हणणे.

पोटरीच्या जागी हालचाल केली तर अशुभ, जागीच राहिले तर शुभ, असा स्पष्ट कौल आहे. मांडी दुसऱ्याच्या मागे ओढली जाते, तिथे पुढे जाण्यात नामुष्की सांगितली आहे. हृदयाच्या जागी, सरळ राहिल्यास, पश्चात्ताप मिटतो. अंगठ्याच्या जागी मात्र शुभही नाही आणि अशुभही नाही. ओढ अंगठ्यात आहे, एवढे सांगून मजकूर थांबतो. कौल लिहायचा राहून गेला असे मला वाटत नाही. अंगठा हलला म्हणून माणूस चालू लागत नाही. बुटाच्या आत तो हलला तर समोरच्याला दिसतही नाही. जे अजून घडलेच नाही त्याला बरेवाईट कसे म्हणायचे? 11व्या शतकातला भाष्यकार छंग यी याने या रेघेवर लिहिताना हाच धागा धरला: ओढ अजून सूक्ष्म आहे, दुसऱ्याला हलवण्याइतकी खोल गेलेली नाही. यी चिंगला जोडलेल्या प्राचीन टीकेतही सहा जागांविषयी असे निरीक्षण आहे की, तळाची जागा ओळखायला अवघड आणि माथ्याची सोपी, कारण एक आरंभ आहे आणि दुसरा शेवट. छुप्या ओढीचा प्रश्न आणि तळाची रेघ यांचे इतके जमते ते यामुळे.

पण जागेचा अर्थ ‘किती लवकर, किती उशिरा’ एवढाच नाही. प्रत्येक जागेची एक जोडीदार जागा असते. पहिलीची चौथी, दुसरीची पाचवी, तिसरीची सहावी. जोडीतली एक रेघ यिन आणि दुसरी यांग असेल तर त्या एकमेकींना साद देतात, दोन्ही सारख्या असतील तर देत नाहीत. शिएनमध्ये तिन्ही जोड्या जुळतात. ओढीच्या आकृतीला हे शोभतेच. तर तळाच्या यिन रेघेचा जोडीदार चौथ्या जागेवरचा यांग. अंगठ्याची साद थेट हृदयाला आहे. पहिल्या रेघेवरचे छोटे प्राचीन भाष्य नेमके हेच सांगते की, तिचे मन बाहेर लागले आहे. बाहेर म्हणजे वरच्या तीन रेघांमध्ये.

खालचा अर्धा भाग म्हणजे आपण आणि वरचा म्हणजे समोरचा, असे अनेक वाचक धरतात. त्या हिशेबाने बाईंची आकृती वाचली की चित्र बरेच स्वच्छ होते. हललेली रेघ तिच्या बाजूची आहे. त्याच्या बाजूची चौथी रेघ तिला जुळणारी आहे, पण ती स्थिर आहे, फेकीत 7 आले. जोडी जुळण्यासारखी आहे, पण हालचाल आज एकाच बाजूला आहे. तो नकार देईल असे इथे कुठेच म्हटलेले नाही, आणि होकार देईल असेही नाही. दोन्हीपैकी काही वाचणारा स्वतःची भीती किंवा स्वतःची इच्छा वाचतो आहे.

हीच आकृती, हाच प्रश्न, पण चल रेघ चौथी असती तर? तेव्हा मजकूर येरझारा घालणाऱ्या मनाचा असता, ज्याच्या विचारांमागे फक्त जवळचेच येतात. सल्ला असता की, लपूनछपून काही घडवून आणू नकोस, सरळ राहा. त्या जागेवर ओढ लपलेली नसते, निदान ज्याच्या मनात आहे त्याला ती झोप लागू देत नसते. एकाच आकृतीचे दोन उपदेश इतके वेगळे, आणि फरक फक्त जागेचा.

दुसरी नेहमीची चूक पुढच्या पायरीवर होते. चल रेघ उलटली की नवी आकृती तयार होते. तळाचा यिन यांग झाला की शिएनची 49वी आकृती बनते, आमूलाग्र बदलाची. उतावळा वाचक लगेच म्हणतो, ‘सगळं बदलणार!’ आणि रेघ विसरून जातो. 12व्या शतकातल्या चू शी याने या बाबतीत सरळ नियम घालून दिला: एकच रेघ चल असेल तर मूळ आकृतीतल्या त्याच रेघेचा मजकूर मुख्य धरायचा. त्याच्याही खूप आधीचा पुरावा ‘च्वो च्वान’ या इतिहासग्रंथात सापडतो. इ.स.पू. 672 सालाखाली एका राजघराण्यातल्या मुलाचे भविष्य पाहिल्याची नोंद आहे. तिथे 20व्या आकृतीची 12वी झाली असे म्हणून लगेच 20वीच्या चौथ्या रेघेचा मजकूर दिला आहे, कारण चौथी रेघ उलटली तरच 20वीची 12वी होते. म्हणजे दुसऱ्या आकृतीचे नाव तिथे पहिलीतली रेघ ओळखण्याची खूण म्हणूनही कामाला येत होते.

मग 49वीचा उपयोग काय? रोख कळण्यापुरता. तिच्या कौलात असे आहे की, बदलावर विश्वास त्याचा दिवस आल्यावरच बसतो. अंगठ्याच्या रेघेशी हे छान जुळते. आज बोललेले शब्द सहकाऱ्याच्या कानावर कुठलीही पूर्वखूण नसताना पडतील. मधल्या पोटऱ्या, मांड्या, हृदय हे काहीच घडलेले नाही आणि एकदम जीभ बोलू लागली आहे. म्हणून ‘आत्ता बोलू का?’ या प्रश्नाला या रेघेचे उत्तर मी ‘अजून नाही’ असे वाचीन. तोवर एकत्र घेतलेला चहा, शाळेतले एखादे सामायिक काम, इतक्यावर थांबावे. चौथी रेघ, म्हणजे समोरचा माणूस, स्वतःहून हलतो का ते पाहावे. ते पाहायला नाणी लागत नाहीत.

उत्तर आवडले नाही म्हणून त्याच संध्याकाळी पुन्हा नाणी टाकण्याचा मोह अनेकांना होतो. ग्रंथाच्या चौथ्याच आकृतीत याला साफ मनाई आहे: पहिल्यांदा विचारले तर उत्तर मिळेल, दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारणे हा उपमर्द, मग उत्तर नाही. बाईंनी काही महिन्यांनी, परिस्थिती खरोखर बदलल्यावर, नवा प्रश्न विचारावा. तेव्हा पुन्हा शिएनच येईल असे नाही. आली तर मात्र आकृतीचे नाव वाचण्याआधी हललेली रेघ कितवी आहे ते मोजावे, तळापासून.