दुकानदार ईमेल उघडतो तेव्हा

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला असे भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. खो-खो शिकवणाऱ्या एखाद्या छोट्या अकादमीला प्रायोजक शोधताना ईमेलची सुरुवात याच विजयाने करावीशी वाटते, आणि मग खेळाची परंपरा, गुणी मुलं, परिस्थितीची अडचण असं सगळं ओघाने येतं. तालुक्याच्या बाजारपेठेतला चपला-बुटांचा दुकानदार ते वाचून मान डोलावेल. पण त्याला ठरवायचं असतं ते वेगळंच : पैसे किती आणि त्यातून दुकानाचं नाव नेमकं कुणाच्या डोळ्यांसमोर येणार?

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका गावी शाळेच्या मैदानावर ४५ मुलं रोज संध्याकाळी सराव करतात. बहुतेक घरं दोन-तीन किलोमीटरच्या आतली. न्यायला येणारे पालक अर्धा तास मैदानाच्या कडेला उभे असतात. वर्षाकाठी प्रत्येक मुलाला एक-दोन बुटांचे जोड लागतात. अकादमीकडे विकण्यासारखं आहे ते हेच, आणि ईमेलमध्ये आधी यायला हवं तेही हेच. मजकूर साधारण असा असावा :

विषय : ४५ खेळाडूंच्या जर्सीवर आपल्या दुकानाचं नाव, नोव्हेंबर ते मार्च

‘नमस्कार. शाळेच्या मैदानावर आमच्याकडे ४५ मुलं-मुली खो-खो शिकतात. या हंगामासाठी ३०,००० रुपयांचं प्रायोजकत्व आपण घ्यावं, अशी विनंती आहे. त्याबद्दल सर्व सराव-जर्सींच्या पाठीवर आपलं नाव, मैदानावर पाच महिने एक फलक आणि डिसेंबरमधल्या आमच्या स्पर्धेत बक्षीस आपल्या हस्ते, एवढं आम्ही देऊ. चपला-बुटांचं दुसरं कोणतंही दुकान या हंगामात प्रायोजक नसेल. खर्चाचा तपशील सोबत जोडला आहे. येत्या गुरुवारी दुकानात येऊन भेटलो तर चालेल का?’

एवढंच. यातलं सर्वांत वजनदार वाक्य माझ्या मते ‘दुसरं दुकान नसेल’ हे. त्यासाठी अकादमीला एक पैसा लागत नाही, पण समोरच्या रांगेतल्या स्पर्धकाचं नाव त्याच जर्सीवर येणार नाही याची खात्री दुकानदाराला मिळते. मात्र तोच मजकूर वीस जणांना एकाच वेळी, सगळ्यांचे पत्ते दिसतील असा पाठवला, तर या वाक्याची किंमत तिथेच संपते.

तीस हजारांचा हिशेबही सांगून टाकावा. जर्सी प्रत्येकी ४०० रुपयांप्रमाणे १८,००० रुपये, नाव छापण्याचे आणि फलकाचे मिळून ३,०००, बाहेरगावच्या दोन स्पर्धांचा प्रवास ९,०००. प्रायोजकाला दिलेले लाभही पैसे खातात. फलक-छपाईचे ते तीन हजार मागणीत धरले नाहीत, तर ते प्रवासातून जातात आणि फेब्रुवारीत गाडीभाडं द्यायला काही उरत नाही.

जे आपल्या हातात नाही ते लिहू नये. जिल्हा संघटनेच्या स्पर्धेत जर्सीवर जाहिरात चालेल की नाही हे संघटना ठरवते, म्हणून ईमेलमध्ये ‘सराव-जर्सी’ असा शब्द आहे. फलक शाळेच्या आवारात लागणार असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी घ्यावी, रस्त्याकडेला असेल तर नगरपरिषदेची. मुलांचे फोटो दुकानाच्या जाहिरातीत वापरू देण्याचं आश्वासन पालकांच्या लेखी संमतीशिवाय देऊ नये.

होकार आला की दुकानदाराचा हिशेबनीस विचारतो, ‘ही देणगी की जाहिरात?’ नाव छापण्याच्या बदल्यात दिलेले पैसे हा जाहिरातीचा, म्हणजे धंद्याचा खर्च. ‘८०जी’ची करसवलत देणगीला असते, तीही नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या. हे पैसे जाहिरातीचे, तेव्हा अकादमीने देणगीची पावती न फाडता प्रायोजकत्वाचं बिल द्यावं आणि रक्कम बँकेतून घ्यावी. प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल, तर या व्यवहारावरचा जीएसटी भरण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. हे त्याला आधी सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर कुरबूर होत नाही. काही जण इथे सीएसआरचा उल्लेख घालतात. ते कायदेशीर बंधन मोठ्या कंपन्यांवर असतं, आणि स्वतःच्या जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात मोजलंच जात नाही. बाजारातल्या दुकानदाराला त्याचा उपयोग शून्य.

वेळेचंही पाहावं लागतं. दसरा-दिवाळीच्या गर्दीत पाठवलेला ईमेल कुणी वाचत नाही. गणपतीच्या वर्गण्या संपल्यावर, पण नवरात्राआधी मिळणारा थोडा अवधी बरा. गुरुवारी भेटू असं लिहिलं असेल तर गुरुवारी जायचं, तेही दुपारी गिऱ्हाईक कमी असताना, जर्सीचा नमुना हातात घेऊन. निर्णय बहुधा तिथेच होतो, ईमेल फक्त दार उघडतं.

मार्चअखेरीस दुसरा ईमेल जायला हवा आणि नेमका तोच बहुतेक अकादम्या पाठवत नाहीत. त्यात जर्सी घातलेल्या संघाचा संमतीने काढलेला फोटो, फलक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता ती नोंद आणि बिलांच्या प्रती असाव्यात. वाऱ्याने फलक फाटून पंधरा दिवस लागलाच नसेल तर तेही लिहावं, आणि तेवढे दिवस एप्रिलमध्ये भरून द्यावेत.