हात वर करण्याआधी

पुण्याहून सकाळी दिल्लीला निघालेलं विमान. जागा एकशे ऐंशी आणि तिकिटं विकलेली एकशे त्र्याऐंशी. रोज काही प्रवासी ऐनवेळी येतच नाहीत, या हिशेबावर कंपन्या अशी जादा विक्री करतात आणि आपल्याकडे त्याला बंदी नाही. पण एखाद्या दिवशी सगळेच वेळेवर हजर होतात. मग गेटवर घोषणा होते, 'दुपारच्या विमानाने जायला कुणी तयार आहे का?'

आधी असं विचारणं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमानुसार कंपनीला बंधनकारक आहे. मात्र राजीखुशीने थांबणाऱ्याला काय द्यायचं, हे नियमाने ठरवलेलं नाही, ते कंपनीवर सोडलंय. म्हणून हात वर करण्याआधी स्वतःच्या तिकिटाचा हिशेब करून बघा.

समजा तुम्ही ५,६०० रुपये भरले. त्यात मूळ भाडं ४,००० आणि बाकीचे कर व विमानतळाचे आकार. इंधन अधिभार वेगळा लावलेला नाही. तुमची इच्छा नसताना उतरवलं आणि एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं, तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाड्याच्या दुप्पट, म्हणजे ८,००० रुपये मिळतात. त्याहून उशिराचं असेल तर चौपट, म्हणजे १६,०००. दुसरं विमान नकोच म्हणालात, तर तिकिटाचे सगळे ५,६०० परत आणि वर १६,००० भरपाई. दुपटीला १०,००० आणि चौपटीला २०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे महागड्या तिकिटावर हिशेब तिथेच थांबतो.

आता गेटवर कुणी दुपारच्या विमानासाठी तीन हजारांचं व्हाउचर पुढे केलं, तर ते घासाघीस सुरू करण्यापुरतंच समजा. नव्या विमानातली जागा पक्की आहे का, जेवण कोण देणार, व्हाउचर किती दिवस चालेल, हे विचारून लेखी घ्या. एकदा राजी झालात की ८,००० वर बोट ठेवता येत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. भरपाई मिळते ती पक्कं तिकीट असलेल्या आणि वेळेवर पोचलेल्या प्रवाशालाच. कंपनीच्या नोंदीत 'उशिरा आला' असं पडलं की सगळंच बुडतं. वेळेवर आलेल्या प्रवाशांना जागा नाकारून भरपाईही न दिल्याबद्दल डीजीसीएने जून २०२२ मध्ये एअर इंडियाला १० लाखांचा दंड केला होता. म्हणून चेक-इनची वेळ दिसेल असा बोर्डिंग पास जपून ठेवा, गेटवर उभे असतानाचा घड्याळासकट फोटो काढा आणि काउंटरवरून 'जागा नाकारली' असं कारण लिहून घ्या. कंपनी दाद देत नसेल, तर हेच कागद जोडून सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा.