टायमिंग बेल्ट दात सोडतो तेव्हा

टायमिंग बेल्ट जुना झाला की तो आवाज करून सांगेल, अशी अनेकांची समजूत असते. दाते असलेला हा रबरी पट्टा झिजतो तो बहुतेक वेळा मुकाट्याने. बॉनेटमधून सकाळी येणारी चिरचिर बाहेरच्या फॅन बेल्टची असते. तो बेल्ट गुळगुळीत पुलीवर घसरतो, म्हणून किंचाळतो. टायमिंग बेल्टचे दाते चाकाच्या दात्यांत अडकलेले असतात, त्यामुळे त्याला घसरता येत नाही. मग 'टायमिंगच्या बाजूने टिकटिक येतेय' असं मिस्त्री म्हणतो, तेव्हा नेमकं काय वाजत असतं?

बहुतेक वेळा वाजतो टेन्शनर किंवा आयडलर. बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि त्याला वळण देणाऱ्या या पुल्यांच्या आत बेअरिंग असतं. त्यातलं ग्रीस सुकलं की थंड इंजिनात बारीक घरघर सुरू होते. टेन्शनर सैल पडला की बेल्ट फडफडतो, प्लास्टिकच्या कव्हरला आतून घासतो आणि टकटक ऐकू येते. अनुभवी मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हराच्या बोल्टवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. तिथे आवाज जोरात आला आणि वर टॅपेट कव्हरवर मंद आला, तर संशय बेल्टच्या बाजूवर. उलट झालं, तर टॅपेट नाहीतर इंजेक्टर. हा फरक करून घेणं फार महत्त्वाचं आहे, कारण टॅपेटच्या टिकटिकीवर माणूस महिनोन्‌महिने गाडी चालवू शकतो. टेन्शनरच्या आवाजावर चालवू नये.

काही खुणा कानाला नाही, डोळ्यांना कळतात. वरचं कव्हर काढलं की बेल्टचा एक भाग दिसतो. पाठीवरच्या भेगा, कडेचे सुटलेले धागे, दात्यांवरचं झिजून चकाकणारं कापड या तर उघड खुणा झाल्या. पण आजकालच्या चांगल्या रबराला भेगा फार उशिरा पडतात, म्हणून 'बेल्ट वरून नवा दिसतोय' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. मला जास्त धास्ती वाटते ती ओलेपणाची. कॅम किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून झिरपणारं तेल बेल्टवर आलं, की रबर फुगतं आणि दाते मुळापासून सैल होतात. असा बेल्ट वयाच्या निम्म्यातही जाऊ शकतो. काही इंजिनांत वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, उदाहरणार्थ डस्टरच्या दीड लिटर डिझेलमध्ये. तिथे कव्हराखाली कूलंटचा पांढुरका डाग दिसला, तर पंपाचं सील गेलंय. पुढे बेअरिंग जाम झालं की ते चांगल्या बेल्टलाही फाडून टाकतं. म्हणूनच नुसता बेल्ट बदलून पैसे वाचवू नयेत. टेन्शनर, आयडलर आणि तिथेच असेल तर वॉटर पंप, सगळं एकदमच बदलावं.

आता बेल्ट सैल पडला आणि त्याने एक दात सोडला, तर काय होतं ते पाहू.

क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो आणि ठरल्या क्षणी व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. हा मेळ बेल्टच्या दात्यांवर टिकून असतो. क्रँकचं चाक सगळ्यात लहान, त्यामुळे तिथे कमी दाते पकडीत असतात आणि उडी बहुधा तिथेच पडते. सेल्फ मारताना बसणारा झटका हा एक धोक्याचा क्षण. गिअरमध्ये टाकून चढावर उभी केलेली गाडी मागे सरकते आणि इंजिन उलटं फिरतं, हा दुसरा. त्या वेळी बेल्टची ताणलेली बाजू बदलते आणि सैल टेन्शनर ती सांभाळू शकत नाही.

समजा क्रँकच्या चाकाला 24 दाते आहेत. पूर्ण फेरा 360 अंशांचा, म्हणजे एक दात सुटला की क्रँकच्या हिशेबाने 15 अंशांची चूक. कॅम तेवढा मागे राहतो. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, तोवर पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि आत घेतलेली थोडी हवा तो परत बाहेर ढकलतो. कॉम्प्रेशन पडतं. त्यामुळे गाडी उशिरा सुरू होते, आयडलिंगला हलते, मिसिंग जाणवते, खालच्या गिअरला पिकअप नसतो. वेग वाढला की मात्र ती बऱ्यापैकी सरळ चालते आणि मालक म्हणतो, 'पेट्रोलच खराब असेल.' कॅम आणि क्रँक दोन्हींवर सेन्सर असलेल्या गाडीत इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर बहुधा P0016 कोड येतो. दोघांचा मेळ बसत नाही, इतकंच तो सांगतो. सेन्सर बिघडला तरी हाच कोड येऊ शकतो, म्हणून सेन्सर बदलायच्या आधी कव्हर काढून खुणा जुळतात का ते पाहावं.

कॉम्प्रेशन तपासलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. चारही सिलिंडरचं प्रेशर सारखंच कमी आलं, तर टायमिंग हललंय आणि अजून काही वाकलेलं नसेल, अशी आशा ठेवता येते. तीन ठीक आणि एक जवळपास शून्य आलं, तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बहुधा वाकलाय.

दोन-तीन दाते सुटले किंवा बेल्टच तुटला, तर बऱ्याच इंजिनांत हेच वाकणं घडतं. व्हॉल्व्ह उघडताना सिलिंडरमध्ये खाली आठ-दहा मिलिमीटर उतरतो. डिझेल इंजिनात पिस्टन अगदी वर आला की त्याच्या माथ्यात आणि हेडमध्ये जेमतेम मिलिमीटरभर अंतर उरतं. वेळ चुकली की दोघे एकाच जागी येतात. व्हॉल्व्हचा दांडा वाकतो, कधी गाइड फुटतो, क्वचित पिस्टनला भोक पडतं. काही पेट्रोल इंजिनांत तेवढी जागा सोडलेली असते आणि बेल्ट तुटला तरी नवा घालून गाडी सुरू होते. डिझेलमध्ये ही मुभा जवळजवळ नसतेच.

म्हणून चालता चालता गाडी एकाएकी बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, झरझर फिरलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. कॉम्प्रेशन नसल्यामुळेच ते हलकं झालेलं असतं. ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न त्याहून वाईट, कारण जो व्हॉल्व्ह अजून वाचला असेल, तोही पिस्टनवर आपटेल. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून टो करून न्यावी. गॅरेजमध्ये नवा बेल्ट घातल्यावर स्पार्क प्लग किंवा ग्लो प्लग काढून क्रँक पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेरे फिरवायला सांगा. मध्येच कुठे अडला, तर जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा जुळल्या, तरच किल्ली फिरवायची.

आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे आधी मॅन्युअलमध्ये पाहा. स्विफ्टच्या 1.3 लिटर डिझेलला चेन होती. जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेलला बेल्ट होता आणि डॅशबोर्डवर त्यासाठी T-BELT असा दिवाही होता. हा दिवा बेल्ट तपासत नाही, फक्त किलोमीटर मोजतो. तेल लागलेल्या बेल्टबद्दल त्याला काहीच कळत नाही आणि बेल्ट न बदलताही तो रीसेट करता येतो. म्हणून सेकंडहँड गाडी घेताना दिव्यावर किंवा मीटरवर विसंबू नका. बेल्ट बदलल्याचं बिल मागा, त्यावर तारीख आणि त्या वेळचं रीडिंग पाहा. कंपनीने किलोमीटरसोबत वर्षांचीही मर्यादा दिलेली असते, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बिल नसेल तर बेल्ट संपलाय असं धरूनच गाडीचा भाव ठरवा आणि ताबा मिळाल्यावर पहिलं काम त्याचंच काढा.